विजेचा मार पायांखालून येतो

ऑगस्ट २०१६ मध्ये नॉर्वेतल्या हार्डांगरविडा या उजाड पठारावर ३२३ रेनडिअर एकाच जागी मरून पडलेले आढळले. वादळ आलं की हे प्राणी एकमेकांना खेटून उभे राहतात आणि तिथेच सापडतात. प्रत्येकाच्या डोक्यावर वेगळी वीज पडली असं अर्थातच झालं नव्हतं. वीज जमिनीत शिरली, तिथून चहूकडे पसरली आणि कळपाच्या पायांतून वर चढली.

माणसांच्या बाबतीतही चित्र फार वेगळं नाही. उघड्यावर विजेने मरणाऱ्या किंवा जखमी होणाऱ्यांचा तज्ज्ञांनी ढोबळ हिशेब मांडला आहे. त्यात थेट अंगावर वीज पडलेले शंभरात जेमतेम तीन ते पाच निघतात. निम्म्यांहून थोडे जास्त लोक जमिनीतून आलेल्या प्रवाहाने सापडतात, आणि साधारण एक-तृतीयांश लोक शेजारच्या झाडावरून किंवा खांबावरून उडालेल्या विजेने. उरलेल्यांपैकी काहींनी वीज पडलेल्या वस्तूला हात लावलेला असतो, आणि काहींच्या स्वतःच्या अंगातूनच ठिणगी वर निघालेली असते. तिच्याकडे पुढे येऊच. ‘डोक्यावर काहीतरी आडोसा हवा’ म्हणून झाडाखाली धावणारा माणूस या तीन-पाच टक्क्यांपासून वाचायला जातो आणि बाकीच्या सगळ्या धोक्यांच्या मधोमध उभा राहतो.

हे असं का, ते कळायला आधी वीज ढगातून खाली कशी येते ते पाहावं लागतं.

बर्फाशिवाय वीज नाही

तापलेली दमट हवा वेगाने वर चढते आणि ढग उंचावत जातो. गडगडाटी ढगाचा माथा दहा-बारा किलोमीटरवर, कधी त्याच्याही वर पोहोचतो. ढगाच्या मधल्या भागात तापमान उणे १० ते उणे २० अंशांच्या आसपास असतं, पण तिथले पुष्कळसे थेंब गोठलेले नसतात. बारीक, शुद्ध थेंब शून्याच्या बरेच खालीही पाणीच राहू शकतात. याच पट्ट्यात बर्फाची दोन रूपं एकत्र नांदत असतात. एक म्हणजे हलके, चिमुकले स्फटिक. दुसरं म्हणजे मऊ गारकण, ज्यांच्या अंगावर हे थंडगार थेंब आपटून गोठत गेलेले असतात. वर जाणारा झोत स्फटिकांना सहज उचलून नेतो. गारकण जड, ते तिथेच तरंगत राहतात किंवा खाली घसरतात. त्यामुळे दोघांच्या टकरा सतत होत राहतात.

प्रत्येक टकरीत थोडासा विद्युतभार इकडचा तिकडे जातो. या तापमानाला गारकण ऋणभारित होतो आणि स्फटिक धनभारित. एका टकरीतला भार नगण्य असतो, पण टकरा अगणित होतात, आणि मग झोत स्फटिकांना घेऊन वर निघून जातो. ढगाचा माथा धन, मधला भाग ऋण, आणि अगदी तळाशी बहुधा धनभाराचा एक छोटा कप्पा, अशी मांडणी तयार होते. मधला ऋणभार खालच्या जमिनीतले इलेक्ट्रॉन दूर ढकलतो, आणि ढगाखालची जमीन धनभारित होते.

यातली एक गोष्ट लांबून उघड्या डोळ्यांनी पाहता येते. वाढत्या ढगाचा माथा जोवर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा रेखीव असतो, तोवर तिथे मुख्यतः पाण्याचे थेंब असतात. माथ्याच्या कडा पुसट, धुरकट, तंतूंसारख्या दिसायला लागल्या की तिथे बर्फ झालेला असतो. पुढे हाच माथा लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरतो. कडा पुसट व्हायला लागल्या की परतीची वाट धरावी. गडगडाट अजून ऐकू आला नसला तरी.

खाली येणारी वाट

हवा ही चांगली विद्युतरोधक आहे. जमिनीलगतच्या हवेत ठिणगी पडायला मीटरमागे साधारण ३० लाख व्होल्ट लागतात. ढगांत प्रत्यक्ष मोजलेली क्षेत्रं बहुतेक वेळा याच्या दशांशाच्या आसपासच निघतात, त्यामुळे पहिली ठिणगी नेमकी कशी पेटते यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. ठिणगी पेटल्यावर काय होतं ते मात्र अतिवेगवान कॅमेऱ्यांनी नीट टिपलेलं आहे. बहुतेक विजा ढगातल्या ढगात किंवा ढगाढगांमध्येच संपतात. जगभरातल्या विजांपैकी सुमारे पाव हिस्साच जमिनीपर्यंत येतो.

जमिनीकडे निघालेली वीज एका दमात येत नाही. ती साधारण ५० मीटरची एक उडी घेते, सेकंदाचा काही लाखावा भाग थांबते, पुन्हा उडी घेते. प्रत्येक थांब्यावर तिला फाटे फुटतात, म्हणून ती नागमोडी आणि फांद्यांची दिसते. या खाली उतरणाऱ्या वाटेला स्टेप्ड लीडर म्हणतात. पाच किलोमीटर उंचीवरून जमिनीजवळ यायला तिला सेकंदाचा सुमारे चाळिसावा भाग लागतो.

एवढ्या प्रवासात खाली काय आहे याची लीडरला जवळजवळ दखलच नसते. टोक जमिनीपासून शंभरेक मीटरच्या आत आलं की मग खालच्या उंच, टोकदार गोष्टींवरचं विद्युतक्षेत्र एकदम वाढतं. झाडाचा शेंडा, खांब, छपराचा कोपरा, उभ्या माणसाचं डोकं, अशा प्रत्येक ठिकाणाहून एकेक ठिणगी वर झेपावते. त्यांतली एखादी खाली येणाऱ्या टोकाला भेटते आणि वाट पूर्ण होते. त्या क्षणी जमिनीकडून ढगाकडे, प्रकाशाच्या सुमारे एक-तृतीयांश वेगाने, लखलखाट वर धावतो. आपण ‘वीज’ म्हणून पाहतो ती ही. यातला प्रवाह साधारण ३०,००० अँपियरपर्यंत चढतो आणि जेमतेम बोटभर जाडीची हवेची नळी ३०,००० अंशांच्या आसपास तापते. ती हवा फुटून पसरते, तोच गडगडाट. त्याच वाटेने बहुधा आणखी दोन-तीन झोत लागोपाठ जातात, म्हणून वीज थरथरल्यासारखी दिसते.

शेवटच्या शंभर मीटरांचा हा खेळ कळला की काही समजुती आपोआप गळून पडतात. खिशातला मोबाइल किंवा हातातलं घड्याळ वीज ओढून घेत नाही. ठिणगी कुठून वर निघेल हे उंची, टोकदारपणा आणि एकटेपणा ठरवतात, धातू असणं-नसणं नव्हे. सपाट मैदानात मात्र पावणेदोन मीटरचा माणूस हाच सगळ्यांत उंच खांब असतो. रबरी तळव्यांचे बूटही कामाचे नाहीत. कित्येक किलोमीटर हवा फोडून आलेल्या विजेला दोन सेंटिमीटर रबर काय अडवणार?

आणि ज्या ठिणग्या वरच्या टोकाला भेटत नाहीत, त्यांनीही इजा होते. अंगावरचे केस ताठ उभे राहिले, कातडीला झिणझिण्या आल्या, जवळचा धातू गुणगुणायला लागला, तर वर निघणारी ठिणगी तुमच्याच अंगात तयार होते आहे. तेव्हा विचार करायला कदाचित सेकंददेखील नसतो. असाल तिथून, उंचवट्यावर असाल तर उताराकडे, ताबडतोब पळायचं.

जमिनीत शिरल्यावर

आता मूळ मुद्दा. ३०,००० अँपियर प्रवाह जमिनीत शिरला की गायब होत नाही. माती काही तांब्याची तार नव्हे. ती प्रवाहाला विरोध करते. त्यामुळे वीज पडलेल्या बिंदूपाशी व्होल्टेज प्रचंड असतं आणि दूर जाताना ते उतरत जातं. तळ्यात दगड टाकल्यावर उठणाऱ्या वर्तुळांसारखी व्होल्टेजची वर्तुळं जमिनीवर उमटतात असं समजा. तुमचा एक पाय एका वर्तुळावर आणि दुसरा पुढच्यावर असेल, तर दोन्ही पायांतल्या व्होल्टेजच्या फरकाने प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. यालाच स्टेप व्होल्टेज म्हणतात.

आकडे घालून पाहू. ओलसर शेतमातीचा विरोध मध्यम धरला, म्हणजे १०० ओहम-मीटर, आणि प्रवाह ३०,००० अँपियर. वीज पडलेल्या जागेपासून दहा मीटरवर, पायांत अर्धा मीटर अंतर ठेवून, त्या जागेकडे तोंड करून तुम्ही चालत आहात. तुमच्या दोन पायांत सुमारे २,३०० व्होल्टचा फरक पडतो. तिथेच पाय जुळवून उभे राहिलात, पायांतलं अंतर दहा सेंटिमीटर धरलं, तर तो ४७० व्होल्टवर येतो. आणि जमिनीवर आडवे झालात, डोकं विजेकडे आणि पाय उलट दिशेला, तर सुमारे ६,९०० व्होल्ट, आणि तेही छातीतून. झोपल्याने उंची कमी होते हे खरं, पण ज्या धोक्याने निम्मी माणसं सापडतात तो तिप्पट होतो. म्हणून उघड्यावर आडवं पडायचं नाही.

अंतराचा परिणाम याहून मोठा आहे. तोच अर्धा मीटरचा पाऊल-पसारा तीन मीटरवर सुमारे २२,७०० व्होल्ट देतो, आणि तीस मीटरवर २६० च्या आसपास. अंतर दहापट झालं की धोका सुमारे नव्वदपट घटतो. झाडापासून चार पावलं आणखी दूर सरकणं किती मोलाचं आहे, ते यावरून कळेल.

अर्थात हा हिशेब एकसारख्या मातीचा आहे. खडकाळ जमिनीत विरोध दहापट असणं सहज शक्य आहे, आणि मग हे सगळे आकडेही दहापट होतात. तिथे प्रवाह आत न जाता भेगांतल्या पाण्यातून आणि पृष्ठभागावरून लांबवर सरपटतो. डोंगरातल्या कपारीच्या तोंडाशी पावसापासून बचाव म्हणून बसणं याच कारणाने वाईट. वरून वाहत आलेला प्रवाह कपारीचं छत आणि तळ यांच्यामधल्या माणसातून उडी मारतो.

रेनडिअरचं कोडंही इथे सुटतं. जनावराचे पुढचे-मागचे पाय दीड मीटर लांब असतील, तर दहा मीटरवर त्यांच्यात ६,२०० व्होल्ट पडतात, आणि वाट थेट हृदयाजवळून जाते. माणसात पायातून पायात जाणारा प्रवाह बराचसा पोटाखालून निघून जातो. म्हणून कळप मरतो तिथे शेजारचा माणूस कधी कधी पाय लुळे पडून कोसळतो आणि काही तासांनी पुन्हा उभा राहतो.

झाड आणि तुम्ही

झाडावर वीज पडली की प्रवाह खोडातून खाली उतरायला लागतो. पण लाकूड वाईट वाहक आहे. आतला रस क्षणात उकळून वाफ होते, साल फुटून उडते, आणि खोडावर डोक्याच्या उंचीलाही अफाट व्होल्टेज साचतं. शेजारी खाऱ्या पाण्याने भरलेलं माणसाचं शरीर उभं असतं. ते लाकडापेक्षा कितीतरी चांगलं वाहक. वीज खोड सोडते, हवेतून मीटर-दोन मीटर उडी मारते आणि माणसातून जमिनीत जाते. हाच साइड फ्लॅश. त्यातून वाचला तरी माणूस विजेच्या प्रवेशबिंदूपासून दोन-तीन पावलांवर उभा असतो, म्हणजे वरच्या हिशेबातल्या सर्वांत भयंकर वर्तुळावर. झाडाखाली दोन्ही मार एकदम बसतात. एकट्या उंच झाडाबद्दल म्हणूनच कुठलीही सवलत नाही, पाऊस कितीही झोडपत असो. भिजल्याने विजेचा धोका वाढत नाही.

दाट जंगलात अडकलात तर गोष्ट वेगळी. तिथे सगळीच झाडं असतात, तेव्हा त्यातल्या त्यात ठेंगण्या झाडांचा भाग निवडायचा आणि खोडांपासून जमेल तितकं लांब राहायचं. तारेचं कुंपण, लोखंडी कठडा, रूळ यांपासूनही दूर. धातू वीज ओढत नसला तरी कुठेतरी लांब पडलेली वीज तो इमानेइतबारे तुमच्यापर्यंत आणून पोहोचवतो. पाण्यात असाल तर आधी बाहेर.

वेळेचा हिशेब

उघड्यावर ‘सुरक्षित जागा’ अशी नसते, फक्त कमी वाईट जागा असतात. खरा बचाव दोनच ठिकाणी: वीज-पाण्याची जोडणी असलेली पक्की इमारत, आणि धातूच्या छताची बंद मोटार. इमारतीतल्या तारा आणि नळ प्रवाह जमिनीत नेतात, म्हणून आत गेल्यावर नळ, आंघोळ आणि तारेने जोडलेली उपकरणं टाळायची. मोटारीत धातूचा सांगाडा प्रवाह बाहेरच्या बाहेर वळवतो; श्रेय टायरांचं नाही. काचा वर करून, धातूला न टेकता, हात मांडीवर ठेवून बसावं. मांडव, तंबू, उघडं शेड, मोटरसायकल, उघडा ट्रॅक्टर यांपैकी काहीही या यादीत बसत नाही.

तिथवर पोहोचायला वेळ लागतो. समजा चार जण मोकळ्या माळावर आहेत आणि मोटार एक किलोमीटरवर. वीज चमकली आणि २४ सेकंदांनी गडगडाट आला. आवाज एका किलोमीटरला तीन सेकंद घेतो, म्हणजे वादळ आठ किलोमीटरवर. ‘लांब आहे’ म्हणून ते थांबले. पाच मिनिटांनी पुन्हा मोजलं तर १५ सेकंद, म्हणजे पाच किलोमीटर. पाच मिनिटांत तीन किलोमीटर, तर ताशी ३६ किलोमीटरचा वेग. वादळ डोक्यावर यायला आठेक मिनिटं उरली आणि एक किलोमीटर चालायला बारा लागतात. पहिल्या गडगडाटालाच निघाले असते तर तेरा मिनिटं हातात होती.

खरं तर तेराही भरवशाची नव्हती. वीज ढगाच्या कुशीतून बाहेर पडून वादळापासून दहा किलोमीटर दूर, माथ्यावर निळं आकाश असतानाही उतरू शकते. गडगडाट ऐकू येतो तोही फार तर पंधराएक किलोमीटरवरून, आणि वारा उलटा असला तर त्याहून कमी. दोन्ही अंतरं जवळपास सारखीच. म्हणून गडगडाट कानावर आला की तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात असंच धरायचं. सेकंद मोजण्याचा उपयोग वादळ जवळ येतंय की लांब जातंय ते कळण्यापुरता.

आता उशीर झालाच आहे, तर या चौघांनी थांबायचं नाही, मोटारीकडे चालत राहायचं. टेकाडाच्या माथ्यावरून जवळची वाट असली तरी खालची, लांबची वाट घ्यायची. एकमेकांत किमान पंधरा-वीस मीटर अंतर ठेवायचं. त्याने कोणा एकाचा धोका फारसा कमी होत नाही, पण एकाच विजेने चौघं कोसळत नाहीत, आणि पडलेल्याला उठवायला कोणीतरी शुद्धीत उरतो. पाय जुळवून, चवड्यांवर उकिडवं बसण्याची जुनी शिफारस तुम्ही ऐकली असेल. वरच्या हिशेबाप्रमाणे पाय जुळवण्यात तथ्य आहे, पण त्याने साइड फ्लॅश टळत नाही आणि उंचीतला फरक किरकोळ असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने ही शिफारस करणं थांबवलं आहे. माझ्या मते तिचं मोठं नुकसान हे, की माणसाला काहीतरी केल्यासारखं वाटतं आणि तो जिथे निघून जायला हवं तिथेच बसून राहतो.

आडोशाला पोहोचल्यावर शेवटच्या गडगडाटापासून ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. पाऊस थांबला तरी मागच्या, पसरलेल्या ढगात भार शिल्लक असतो, आणि प्रत्येक नव्या गडगडाटाला घड्याळ पुन्हा शून्यावर.

कोणी सापडलंच तर

विजेने पडलेल्या माणसाला हात लावल्याने शॉक बसत नाही. शरीरात वीज साठून राहत नाही. मदत मागवायला फोन करा आणि आधी जो निपचित पडला आहे, श्वास घेत नाही, त्याच्याकडे जा. कण्हणारे, ओरडणारे बहुतेक जगतात. इतर मोठ्या अपघातांत हा क्रम उलटा असतो, इथे मात्र कारण ठोस आहे. वीज हृदयाला एका झटक्यात थांबवते, पण निरोगी हृदय पुष्कळदा आपणहून पुन्हा सुरू होतं. श्वासाचं मेंदूतलं केंद्र मात्र जास्त वेळ बंद राहतं. मधल्या मिनिटांत बाहेरून श्वास मिळाला नाही तर सुरू झालेलं हृदय प्राणवायूअभावी दुसऱ्यांदा थांबतं.

म्हणून छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं, दोन्ही करायचं. छातीच्या मधोमध, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या लयीत ३० दाब, मग दोन श्वास, आणि पुन्हा ३०. बाहुल्या विस्फारलेल्या दिसल्या म्हणून थांबू नका. विजेच्या झटक्याने त्या तशा होतात, त्यावरून मेंदू मेला असं ठरत नाही. वादळ अजून डोक्यावर असेल आणि आडोसा हाकेच्या अंतरावर असेल, तर आधी त्याला ओढत तिथे न्या. विजेने मणका मोडणं क्वचितच होतं, तो उंचावरून पडलेला नसेल तर हलवायला हरकत नाही.